केमोमध्ये केस जातात तेव्हा : पहिल्या डोसच्या आधीपासून ते नवे केस येईपर्यंत काय काय करायचं

माझ्या ताईला ४६व्या वर्षी ब्रेस्ट कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, मग केमो ठरली, आणि डॉक्टरांसमोर बसून तिने पहिला प्रश्न विचारला तो केसांचा. विचारल्यावर तिलाच लाज वाटली, जिवाचं सोडून मी केसांचं काय विचारतेय म्हणून. पण खरं सांगू का, तो प्रश्न तेव्हाच विचारायचा असतो. कारण केसांबाबतचे जे दोनतीन मोठे निर्णय आहेत ते सगळे पहिल्या डोसच्या आधी घ्यावे लागतात, नंतर त्यातला एक तर घेताच येत नाही. आम्हाला हे अर्धंमुर्धं माहीत होतं, बरंचसं चुकत शिकलो, म्हणून इथे सगळं क्रमाने लिहितेय.

आधी औषधांची नावं लिहून घ्या

"केमोने केस जातात" हे अर्धं खरं आहे. कुठलं औषध त्यावर सगळं आहे. डॉक्सोरुबिसिन (हेच ते लाल औषध, केमोच्या वॉर्डात सगळे लालच म्हणतात), एपिरुबिसिन, सायक्लोफॉस्फामाइड, पॅक्लिटॅक्सेल, डोसिटॅक्सेल, यांनी केस बहुतेक जातातच. कार्बोप्लॅटिन, जेमसिटाबिन, कॅपेसिटाबिनच्या गोळ्या, यांनी सहसा विरळ होतात, टक्कल पडेलच असं नाही. ट्रास्टुझुमॅबसारख्या टार्गेटेड औषधाने एकट्याने सहसा जात नाहीत. म्हणून डॉक्टरांकडून प्रोटोकॉल कागदावर लिहून घ्या, कुठली औषधं, किती सायकल, किती दिवसांनी. ताईचं होतं लाल औषध आणि सायक्लोफॉस्फामाइड दर तीन आठवड्यांनी चार वेळा, आणि मग पॅक्लिटॅक्सेल दर आठवड्याला बारा वेळा. म्हणजे एकूण चोवीस आठवडे, आणि त्यातले बरेचसे केसांशिवाय.

केस का जातात, तर डोक्यावरच्या दहातल्या साधारण नऊ केसांची मुळं कुठल्याही वेळी वाढीच्या अवस्थेत असतात, तिथल्या पेशी भराभर दुभंगत असतात, आणि केमो असल्याच पेशींना धरते. मुळाशी केस बारीक होत जातो आणि तिथेच तुटतो किंवा सुटून येतो. मूळ मात्र मरत नाही, बहुतेक वेळा. आणि म्हणूनच पहिल्या डोसच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी काहीच होत नाही, आपल्याला वाटतं आपण सुटलो. सुटलेले नसतो. दोन ते तीन आठवड्यांच्या मध्ये कधीतरी सुरू होतं. ताईला सोळाव्या दिवशी.

गार टोपी घ्यायची का, हा निर्णय पहिल्या डोसच्या आधी

कूलिंग कॅप, म्हणजे डोकं थंड ठेवणारी टोपी. कल्पना सोपी आहे, औषध रक्तात फिरत असताना डोक्याची कातडी साधारण २० अंश सेल्सिअसच्या आसपास आणून ठेवायची, त्याने तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात, औषध कमी पोचतं, आणि मुळातल्या पेशीही थंडीने मंदावतात त्यामुळे जे पोचतं ते कमी शोषतात. यासाठी मशीन असतं, त्यातून गार द्रव सिलिकॉनच्या टोपीत फिरत राहतो. दुसरा प्रकार म्हणजे फ्रीजरमध्ये खूप गार केलेल्या जेलच्या टोप्या, त्या दर वीसतीस मिनिटांनी बदलाव्या लागतात, त्यासाठी सोबत एक शिकलेलं माणूस दिवसभर हवं.

किती उपयोग होतो? २०१७ साली अमेरिकेतले दोन अभ्यास एकदमच छापून आले, ब्रेस्ट कॅन्सरच्या बायकांवरचे. एकात टोपी वापरलेल्या साधारण निम्म्या बायकांचे केस टिकले, दुसऱ्यात साधारण तीनातल्या दोघींचे. टोपी न वापरलेल्यांत एकीचेही नाही. आपल्याकडे मुंबईत टाटा मेमोरियलनेही असा अभ्यास केला, २०२० मध्ये आला, त्यातही निम्म्याहून थोड्या जास्त बायकांचे टिकले. पण "टिकले" म्हणजे काय ते नीट समजून घ्या, या अभ्यासांत यश म्हणजे अर्ध्यापेक्षा कमी केस जाणं, विग लागू नये इतपत. म्हणजे टोपी चालली तरी केस गळतातच, वेणी निम्मी होते. हे आधी माहीत नसलं की तिसऱ्या आठवड्यात हातात झुबका आला की बायका म्हणतात टोपी फेल गेली आणि सोडून देतात.

दुसरी गोष्ट, टॅक्सेन गटातल्या औषधांवर, म्हणजे पॅक्लिटॅक्सेल, डोसिटॅक्सेल, टोपी बरी चालते. लाल औषधावर खूप कमी. ताईला डॉक्टरांनी हे सरळ सांगितलं, की तुमच्यात आधी चार लाल आहेत, बहुतेक केस त्यातच जातील. तिने विचार केला, प्रत्येक वेळी दोनेक तास जास्त बसणं, थंडी, वरचा खर्च, आणि शक्यता कमी, आणि नको म्हणाली. मला अजूनही वाटतं बरोबर केलं. ज्यांना लाल नाहीये त्यांनी मात्र नक्की विचारावं.

कोणी वापरूच नये तेही सांगते. रक्ताचे कॅन्सर, ल्युकेमिया, लिम्फोमा वगैरे, त्यात नाही, कारण तिथे डोक्याच्या कातडीतही औषध पोचणं गरजेचं असतं. ज्यांना थंडीने अंगावर गांधी उठतात किंवा थंडीने रक्त गोठण्यासारखे विकार आहेत, त्यांनी नाही. डोक्याच्या कातडीतच गाठ असेल किंवा मेंदूला रेडिएशन असेल तर नाही. ब्रेस्ट कॅन्सरमध्ये टोपीमुळे डोक्याच्या त्वचेत आजार राहून जातो का ही भीती बऱ्याच जणींना असते, अभ्यासांत तसं वाढलेलं दिसलेलं नाही, पण तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवा.

आणि एक कळकळीने, घरून बर्फाच्या पिशव्या नेऊन डोक्याला बांधू नका. तापमान सारखं राहत नाही, मुळं वाचत नाहीत आणि कातडी मात्र बर्फाने भाजते.

टोपीचा एक दिवस, जवळून पाहिलेला

ताईच्या शेजारच्या खुर्चीवर सोलापूरच्या एक काकू असायच्या. त्यांना डोसिटॅक्सेल आणि सायक्लोफॉस्फामाइड होतं, चार वेळा, लाल नव्हतं, आणि त्यांनी टोपी घेतली. त्यांच्याकडून मी हे सगळं डोळ्यांनी पाहिलं.

आदल्या दिवशी केस धुतलेले, तेल अजिबात नाही. आल्यावर नर्सने स्प्रेच्या बाटलीने केस ओलसर केले, गळतील इतके नाही, फक्त दमट, मग थोडं कंडिशनर लावून सगळे केस मागे वळवले म्हणजे टोपी कातडीला टेकते, मध्ये केसांची गादी होत नाही. कपाळावर टोपीच्या कडेखाली गॉजची घडी, नाहीतर तिथे गार चटका बसतो. मग आतली सिलिकॉनची टोपी, त्यावर दुसरी घट्ट बसवणारी, हनुवटीखाली पट्टा. औषध सुरू व्हायच्या अर्धा तास आधी मशीन चालू. औषध चालू असेतो टोपी डोक्यावर. आणि औषध संपल्यावरही, काकूंच्या वेळी दीड तास ठेवली. हा नंतरचा वेळ औषधाप्रमाणे आणि मशीनप्रमाणे बदलतो, कुठे वीस मिनिटं, कुठे दोन तासांपर्यंत, तर तुमचा किती ते नर्सला विचारून लिहून ठेवा, म्हणजे वॉर्ड बंद व्हायची घाई झाली म्हणून कुणी लवकर काढणार नाही.

पहिली दहा-पंधरा मिनिटं वाईट. काकू म्हणायच्या बर्फाचा गोळा एकदम खाल्ल्यावर कपाळात कळ जाते ना, तशी, पण थांबतच नाही. मग बधिर होतं आणि सहन होतं. त्या शाल, पायमोजे आणि थर्मासमध्ये कोमट पाणी आणायच्या. डोकेदुखीची गोळी आधी घ्यायची तर डॉक्टरांना विचारूनच. बाथरूमला जायचं असेल तर मशीनची नळी सोडवता येते, पण दहा मिनिटांच्या आत परत जोडायची. संपल्यावर टोपी लगेच ओढायची नाही, केस आत गोठून चिकटलेले असतात, मशीन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबायचं.

काकूंच्या पहिल्या वेळी काय झालं, टोपीचा साइज एक नंबर मोठा निघाला. टाळूवर ती टेकतच नव्हती, मध्ये हवा होती. तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. वीसबावीस दिवसांनी बाकी सगळीकडे केस होते आणि टाळूवर वाटीच्या तोंडाएवढा गोल मोकळा. म्हणजे चूक कुठे होती ते केसांनीच दाखवलं. दुसऱ्या वेळी लहान साइज घेतला. तुम्ही पहिल्याच दिवशी तपासा, टोपी घातल्यावर टाळूवर, कानांच्या वर आणि मानेच्या वरच्या खळग्यात बाहेरून दाबून बघा, दबली की खाली पोकळी आहे. आणि दहा मिनिटांनी स्वतःला विचारा, सगळीकडे सारखं गार लागतंय का? जिथे गार लागत नाहीये तिथले केस जाणार. नर्सला सांगायला संकोच करू नका, तिच्यावर एकावेळी सहा पेशंट असतात, आणि गार कुठे लागतंय हे फक्त तुम्हालाच कळतं.

शेवटी काकूंचे साधारण दोन तृतीयांश केस राहिले आणि टाळूचा गोल वरचे केस वळवून झाकला जायचा.

टोपी घेणाऱ्यांनी घरी आठवड्यातून एकदोनदाच, कोमट किंवा गार पाण्याने, सौम्य शाम्पूने केस धुवायचे. ड्रायर नाही, कलर नाही, घट्ट वेणी-अंबाडा नाही. रुंद दातांच्या कंगव्याने रोज हलक्या हाताने विंचरायचे, हे मात्र चुकवायचं नाही, कारण सुटलेले केस आत अडकून राहिले तर जटा होतात आणि जट ओढताना चांगलेही जातात.

खर्चाचं विचारताना एका वेळचा नाही, पूर्ण कोर्सचा विचारा, टोपी वेगळी विकत घ्यावी लागते का तेही विचारा, आणि इन्शुरन्सवाल्यांना आधीच फोन करा.

टोपी नसेल तर : पहिल्या पंधरा दिवसांत करायची कामं

ताईची वेणी कमरेपर्यंत होती. पहिल्या डोसच्या चार दिवस आधी तिने ती कापून केस खांद्यापर्यंत केले. याचा फायदा दोन बाजूंनी होतो. लांब केस गळायला लागले की त्यांच्या वजनाने डोकं जास्त दुखतं, गुंता होतो. आणि कापलेली वेणी दोन्हीकडे रबर लावून, कोरडी, कागदात गुंडाळून ठेवली तर तिचा विग बनवणारे लोक असतात.

विग घ्यायचा असेल तर केस असतानाच जा. डोक्याचं माप घेतलं जातं, तुमचा भांग कुठे, कपाळावरची केसांची रेघ कुठे, रंग कुठला, हे दुकानदाराला दिसतं. निदान समोरून, बाजूने, मागून उजेडात फोटो काढून ठेवा. भुवयांचाही जवळून एक फोटो काढा, त्याचं कारण पुढे येईल. डोकं मोकळं झालं की विग थोडा सैल होतो म्हणून आत ओढायचे हुक असलेला घ्या. आणि आपल्या स्वयंपाकघराची एक गोष्ट, सिंथेटिक विग गॅसजवळ, कुकरच्या वाफेसमोर, ओव्हन उघडताना वापरू नका, पुढची बट वितळून कडक होते आणि ती परत सरळ होत नाही. फोडणी करायची तर डोक्याला फडकं. खऱ्या केसांचा महाग असतो आणि त्याला धुणं-सुकवणं जास्त. परवडत नसेल तर हॉस्पिटलच्या मेडिकल सोशल वर्करला विचारा, विग फुकट किंवा उसना देणाऱ्या संस्था त्यांना माहीत असतात.

ताईने विग घेतला पण खरं तर वापरलं ते आईच्या जुन्या सुती साडीचं फडकं. शंभर वेळा धुतलेलं सुती कापड त्या नाजूक डोक्याला जेवढं सोसतं तेवढं दुसरं काही सोसत नाही. साधारण एक मीटर चौकोन, त्रिकोणी घडी, घडीची कड कपाळावर भुवयांच्या दोन बोटं वर, दोन्ही टोकं मानेमागे तिसऱ्या टोकावरून गाठ, उरलेलं आत खोचायचं. सिल्कचा, सॅटिनचा स्कार्फ मोकळ्या डोक्यावरून सटकतो, त्याच्या खाली आधी सुती टोपी हवी.

केस जायला लागले तो आठवडा

गळण्याच्या दोनतीन दिवस आधी ताईचं डोकं दुखायला लागलं, आतून नाही, कातडी. उशीवर टेकवलं तरी मुळं हुळहुळायची, जसं घट्ट अंबाडा दिवसभर बांधून रात्री सोडल्यावर होतं तसं. हे बहुतेकांना होतं आणि केस गेले की थांबतं. त्या दिवसांत सुती किंवा सॅटिनची मऊ उशी, रात्री सैल टोपी, म्हणजे केस अंथरुणभर होत नाहीत. आंघोळीला मोरीच्या जाळीवर एक कपडा टाका. हे मी लिहितेय कारण ताई जाळीत अडकलेले केस काढताना रडली होती, केस गळताना नाही.

सोळाव्या दिवशी सुरू झालं आणि एकोणिसाव्या दिवशी तिने सांगितलं, आता काढून टाक. वस्तरा वापरायचा नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. साधारण याच काळात रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी-जास्त होत असतात, बारीकशी कापलेली जागाही पिकू शकते. म्हणून ट्रिमर, आणि त्यावर एक किंवा दोन नंबरचा गार्ड. न्हाव्याकडे जायचं तरी ट्रिमरच सांगा. आम्ही घरी भाच्याचा ट्रिमर घेतला, ब्लेड स्पिरिटने पुसून वाळवलं, आणि गच्चीत खुर्ची टाकली.

आई खाली गेली. तिच्या आजीचं केशवपन झालेलं तिने पाहिलेलं होतं, लाल आलवण, दर पंधरा दिवसांनी येणारा न्हावी, कोपऱ्यात पाठ करून बसलेली आजी. आमच्या घरात बाईचं मोकळं डोकं म्हणजे आईला तेवढंच आठवतं. ताईने तिला वर बोलावून घेतलं आणि म्हणाली, आई, तेव्हा कुणी विचारलं नव्हतं, हे मी सांगून करून घेतेय, तू मानेवरचे केस झाड फक्त. आईने मग शेवटपर्यंत टॉवेल धरला. तुमच्या घरातही अशी कुणी असेल तर तिला बाहेर ठेवू नका, काहीतरी हातात काम द्या.

ट्रिमरनंतर जे बारीक खुंट उरतात ते पुढचे आठदहा दिवस टोचतात आणि गळत राहतात. त्यावर उपाय, कपड्यावरचे केस काढायचा चिकट रोलर किंवा हाताला उलटी गुंडाळलेली चिकटपट्टी, अगदी हलकेच थापायची, जे सुटलेत ते निघून येतात. पुळी, फोड, लाली असेल तिथे नाही.

मोकळ्या डोक्याची रोजची काळजी

केस नाहीत म्हणजे धुवायचं नाही असं नाही. कातडी तेल आणि घाम सोडतच असते. आठवड्यातून दोनतीनदा लहान बाळाचा किंवा बिनवासाचा सौम्य शाम्पू, वाटाण्याएवढा, कोमट पाण्यात, बोटांच्या पोटाने, नखांनी नाही. टॉवेलने घासायचं नाही, टिपायचं. मग डोकं थोडं ओलसर असतानाच बिनवासाचं क्रीम.

आता तेल. आपल्याकडे आल्या-गेल्याने एकच विचारायचं, तेल लावता का? थोडं साधं खोबरेल, पाच-सहा थेंब, तळहातावर पसरून, चोळायचं नाही, पुसल्यासारखं लावायचं, कोरड्या डोक्याला ते चांगलं. पण गरम तेलाची मालिश, कांद्याचा रस, औषधी वनस्पतींची उग्र तेलं, हे सगळं केमो चालू असताना नको. कांद्याचा रस त्या कातडीला अक्षरशः झोंबतो आणि लाल चट्टे उठतात, आणि मूळ औषधाने झोपवलंय तोवर वरून काहीही ओतलं तरी केस येणार नाही. उन्हाळ्यात तर जास्त तेलाने छिद्रं बंद होऊन घामोळ्यासारख्या पुळ्या येतात, ताईला मे महिन्यात आल्या होत्या.

पुळ्यांबद्दल जरा थांबून. केमोबरोबर स्टिरॉइड देतात, त्यानेही बारीक मुरमांसारख्या पुळ्या येतात, त्या सहसा निवतात. पण दुखरी, पू भरलेली, भोवती गरम लाली पसरत चाललेली पुळी वेगळी. फोडायची नाही, फोटो काढून डॉक्टरांना पाठवायचा. आणि थर्मामीटरवर १००.४ फॅरनहाइट किंवा वर ताप आला तर, रात्रीचे दोन असले तरी, हॉस्पिटलला फोन करून निघायचं. क्रोसिन घेऊन सकाळपर्यंत बघू, हे केमोत करायचं नाही.

ऊन आणि थंडी दोन्ही लागतात. या डोक्याने कधी ऊन पाहिलेलं नसतं, बाहेर पडताना फडकं, आणि विग-फडक्याशिवाय असाल तर ३० किंवा वरचं एसपीएफ असलेलं सनस्क्रीन डोक्यालाही. रात्री एसीत किंवा थंडीत सुती टोपी, ताईला टोपीशिवाय झोपच यायची नाही.

आणि केस फक्त डोक्यावरचे जात नाहीत. भुवया-पापण्या उशिरा जातात, ताईच्या पॅक्लिटॅक्सेलच्या सातव्या-आठव्या आठवड्यात गेल्या, जेव्हा आम्हाला वाटत होतं जे जायचं ते गेलं. पापण्या नसल्या की धूळ थेट डोळ्यात, स्कूटरवर गॉगल हवाच. नाकातले केस गेल्याने नाक नुसतं पाण्यासारखं गळतं, ते सर्दी समजून घाबरू नका. भुवया पेन्सिलने काढायच्या तर आधी काढलेला तो फोटो उपयोगी पडतो, आपली भुवई नेमकी कुठे सुरू व्हायची हे आपल्याला आठवत नाही.

नवे केस : कधी येतात, कसे येतात

शेवटच्या डोसनंतर साधारण तीन ते सहा आठवड्यांत बाळाच्या जावळासारखी लव दिसते. काहींना आठवड्याच्या पॅक्लिटॅक्सेलवर असतानाच येते, ताईला शेवटच्या चार डोसांत आली, आणि त्यातली थोडी परत गळली. खरे केस दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात. मग महिन्याला साधारण एक सेंटीमीटर, म्हणजे सहा महिन्यांनी दोनेक इंच.

ताईचे केस जन्मापासून सरळसोट, दोऱ्यासारखे. आले ते कुरळे, बारीक, मेंढीच्या लोकरीसारखे, आणि पुढे कपाळाजवळ पांढरे. ती आरशासमोर उभी राहून म्हणाली हे माझे नाहीत. मुळातल्या पेशी सगळ्या एकदम आणि सारख्या सावरत नाहीत, त्यामुळे केसाचा आकार वाकडा-गोल होतो, आणि रंग देणाऱ्या पेशी उशिरा जाग्या होतात. कुणाचे आधीपेक्षा काळे येतात, कुणाचे जाड, कुणाचे राखाडी. बहुतेकांचं वर्षभरात बरंचसं पूर्वपदावर येतं, सगळ्यांचं सगळं नाही.

बदल कुठून सुरू होतो ते बघायचं तर टोकाकडे नाही, मुळाकडे बघा. आठव्या महिन्यात ताईच्या कातडीलगतचा एक सेंटीमीटर सरळ यायला लागला होता आणि वर कुरळं तसंच. तीनदा कापल्यावर अकराव्या महिन्यात कुरळे फक्त टोकांना राहिले. पांढरे मात्र पांढरेच राहिले. म्हणून केस लवकर सरळ करून घेण्याच्या, केराटिनच्या भानगडीत पहिलं वर्षभर पडू नका, ज्या कुरळ्यासाठी खर्च करणार ते बहुतेक कापलंच जाणार असतं.

महिन्यातून एकदा, त्याच खिडकीत, त्याच उजेडात, कोरड्या केसांचे तीन फोटो काढा, समोर, टाळू, मागे. रोज आरशात बघून काहीच कळत नाही. या फोटोंचं खरं काम हे, शेवटच्या डोसला सहा महिने होऊनही टाळू किंवा पुढचा भाग रिकामा वाटत असेल तर ते घेऊन स्किनच्या डॉक्टरकडे जायचं. काही थोड्या जणींना, विशेषतः डोसिटॅक्सेलनंतर, केस कायमचे विरळ राहतात, आणि हे कुणी आधी बोलत नाही. शिवाय टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोलसारख्या हार्मोनच्या गोळ्या चालू असतील तर त्यांनीही भांग रुंद होतो, तेव्हा गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, डॉक्टरला सांगायचं. मिनॉक्सिडिल हे केस वाढायला डोक्याला लावायचं औषध, ते लावायचं का, कधी, हे तिथेच विचारायचं. केमो चालू असताना लावून गळणं थांबत नाही, केमोनंतर वाढ लवकर सुरू व्हायला काहींना मदत होते.

केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या मेडिकलवाले हमखास देतात. केमोनंतर त्याने केस लवकर येतात याला पुरावा नाही, आणि जास्त डोसचं बायोटिन रक्तात असलं की थायरॉइडसारख्या काही तपासण्यांचे आकडे चुकीचे येऊ शकतात. घेत असाल तर रक्त देण्याआधी डॉक्टरांना सांगाच.

रंग लावायची घाई सगळ्यांना होते, पांढऱ्यांमुळे. निदान एक इंच केस होऊ द्या, डोक्यावर कुठे लाली-खाज नको, आणि कानामागे थोडा लावून दोन दिवस बघा, पूर्वी वीस वर्षं तोच कलर लावला असला तरी, कारण कातडी आता तीच राहिलेली नाही. "काळी मेंदी" म्हणून मिळते ती टाळा, त्यात बरेचदा केसांच्या डायचंच केमिकल असतं. साधी हिरवी मेंदी लावायची तर तीही आधी कानामागे.

पहिला हेअरकट चौथ्या-पाचव्या महिन्यात, फक्त मानेवरचे आणि कानामागचे. तिथे केस वरच्यापेक्षा पुढे धावतात आणि सगळं डोकं विस्कटलेलं दिसतं, वरचे मात्र एक मिलिमीटरही कापू देऊ नका. कोरडेच कापायला सांगा, कुरळे केस ओले असताना लांब दिसतात, वाळल्यावर आक्रसून वर जातात आणि मग कमी राहतात. ताईला पार्लरमध्ये जायला भीती वाटत होती की बाकीच्या बायका बघतील, तर आम्ही मंगळवारी दुपारी अडीचला गेलो, आत कुणीच नव्हतं.